क्रोशाच्या सशाचे वर्णन लिहिण्याआधी त्याचा डोळा ओढून पाहा

प्रश्न : मी कोथरूडला राहते, दोन वर्षांपासून क्रोशाची खेळणी करून इन्स्टाग्रामवर विकते. वर्णनात 'प्रीमियम वुलन ससा, हँडमेड, सेफ्टी आईज, वॉशेबल, किड सेफ' एवढंच टाकते. परवा एका ताईंनी विचारलं, आठ महिन्यांच्या बाळाला देऊ का, आणि मला काय सांगावं तेच कळेना. वर्णन नेमकं कसं लिहायचं?

उत्तर :

प्लास्टिकचे डोळे लावलेला ससा आठ महिन्यांच्या बाळाला देऊ नका, असे त्या ताईंना आजच कळवा. बाकीचे आपण सावकाश पाहू.

तुमच्या वर्णनात पाच शब्दप्रयोग आहेत आणि त्यांतला 'हँडमेड' एवढा एकच तुम्ही खात्रीने सांगू शकता. उरलेले चार खरे की खोटे हे ठरवायला सुतावरची पट्टी, मोजपट्टी, स्वयंपाकघरातला वजनकाटा आणि प्रवासाच्या बॅगा तोलायचा हातकाटा एवढ्या वस्तू लागतात. गेली चौदा वर्षे मी पुण्यात हे काम करते आणि सुरुवातीची तीन-चार वर्षे मीही असेच लिहीत होते. वर्णन चांगले होत नाही ते मराठी किंवा इंग्रजी कच्चे म्हणून नव्हे, तर खेळणे नीट तपासलेले नसते म्हणून, असा माझा अनुभव आहे. यातले काही तुमच्या सुतावर, तुमच्या हाताच्या ताणावर आणि खेळणे कुणाच्या हातात जाणार यावर अवलंबून राहील, तेही त्या त्या ठिकाणी सांगते.

सर्वांत आधी डोळे, कारण वयाची ओळ त्यांच्यावरूनच ठरते. बोहरी आळीत किंवा ऑनलाइन मिळणाऱ्या 'सेफ्टी आय'च्या मागे खाचा असलेली एक दांडी असते आणि तिच्यावर आतल्या बाजूने वॉशर दाबून बसवायचा असतो. तो एकदा 'टक टक' करत दोन-तीन खाचा खाली गेला की हाताने निघत नाही. नावातला 'सेफ्टी' हा शब्द एवढ्या पकडीपुरता आहे. दांडी आणि वॉशर एकमेकांना सोडत नाहीत हे खरे, पण वॉशर ज्या विणीला टेकलेला असतो ती वीण सोडते. क्रोशाचे कापड म्हणजे शेवटी एकमेकांत अडकवलेली भोकेच असतात. ती ताणली की डोळा वॉशरसकट अख्खा बाहेर येतो. दोन सुयांवर विणलेले खेळणे याहून जास्त ताणते, त्यामुळे तिथे धोका आणखी वाढतो. बाळ खेळणे नुसते ओढत नाही, ते डोळा तोंडात धरून चावते, ओला करते आणि मग ओढते.

हे मला ज्या दिवशी कळले तो दिवस चांगला लक्षात आहे. जाड वेलवेट सुताचे एक अस्वल मी ५ मिलिमीटरच्या सुईने सैलसर विणले होते, कारण वेलवेटचे टाके दिसत नाहीत आणि घट्ट विणले की बोटे दुखतात. डोळे १२ मिलिमीटरचे, वॉशर पक्का बसलेला. गंमत म्हणून मी डोळ्यामागे नायलॉनच्या दोऱ्याचा फास अडकवला, त्याला बॅगेचा काटा लावला आणि अस्वलाचे डोके दुसऱ्या हातात धरून ओढले. काटा चार किलोच्या पुढे गेला आणि डोळा वॉशरसह माझ्या हातात आला. दांडी शाबूत, वॉशर शाबूत आणि अस्वलाच्या तोंडावर करंगळी जाईल एवढे भोक, ज्यातून पांढरे फायबर डोकावत होते. खेळण्यांसाठीच्या ईएन ७१ या युरोपीय मानकात ६ मिलिमीटरपेक्षा मोठा भाग ९० न्यूटन, म्हणजे साधारण नऊ किलोचा ताण सोसला पाहिजे असे आहे. माझे अस्वल निम्म्यावरच गळाठले होते. त्याच सुताची तशी पाच अस्वले तोवर विकली गेली होती आणि त्या पाच घरी फोन करताना मला काय वाटले ते लिहीत नाही.

तुम्ही ही चाचणी विकायच्या खेळण्यावर करू नका, कारण डोळा निघाला नाही तरी भोवतालची वीण सैल होते. त्याच सुताचा, त्याच सुईने आणि तुमच्या नेहमीच्या हाताने सुमारे ८ सेंटिमीटरचा एक तुकडा विणा, त्यात डोळा बसवा, तुकडा घट्ट धरून हळूहळू ताण वाढवा आणि नऊ किलोवर दहापर्यंत आकडे मोजा. डोळा तिरका झाला, कडेचे टाके उघडले किंवा वॉशरची कड बाहेरून दिसू लागली तर तो नापास समजा. माझ्याकडे चार पदरी सूत २.५ मिलिमीटरच्या सुईने घट्ट सिंगल क्रोशात विणले की तुकडा टिकतो. तेच सूत ३.५ मिलिमीटरच्या सुईने विणले की बऱ्याचदा टिकत नाही. तुमचा हात माझ्यापेक्षा सैल असेल तर आकडे बदलतील, म्हणून माझ्या आकड्यांवर विसंबू नका. वीण आणि वॉशर यांच्यामध्ये फेल्टची वॉशरपेक्षा मोठी गोल चकती घातली की पकड बरीच सुधारते. गोंद किंवा गरम गोंदाची कांडी मात्र या कामी वापरू नका; गरम गोंद उन्हात तापलेल्या गाडीत मऊ पडतो आणि आपली समजूत मात्र पक्के केल्याची राहते. धातूचे वॉशरही टाळा, कारण दोन-तीन धुण्यांनंतर डोळ्याभोवती गंजाचा तपकिरी डाग उमटतो.

आता महत्त्वाचे. तुमचा तुकडा नऊ किलोला टिकला तरी तीन वर्षांखालच्या मुलासाठी मी प्लास्टिकचे डोळे लावत नाही. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यातून सुटणारा भाग सुमारे ३२ मिलिमीटर व्यासाच्या एका ठरावीक नळीत मावला तर तो गिळला जाण्याचा किंवा घशात अडकण्याचा धोका मानतात. तुमचा कुठलाही डोळा या नळीत सहज मावेल. आपण एक तुकडा तपासतो, कारखाना अनेक नमुने तपासतो. शिवाय आपली प्रत्येक वीण सारखी नसते. रात्री अकराला, ऑर्डर उद्या द्यायची असताना विणलेला ससा आणि निवांत दुपारी विणलेला ससा यांत फरक असतोच. बाळासाठी म्हणून ऑर्डर आली की मी डोळे सहा पदरी सुती भरतकामाच्या दोऱ्याने भरते. काळा आणि लाल दोरा आधी गरम पाण्यात बुडवून पांढऱ्या फडक्यावर दाबून पाहते, रंग उतरला तर तो दोरा बाजूला ठेवते. सुरुवातीचे आणि शेवटचे टोक नुसत्या गाठीवर सोडायचे नाही. ते डोक्याच्या आतून दोन-तीन वेळा उलटसुलट फिरवून मग कापायचे. भरलेला डोळा प्लास्टिकसारखा चमकत नाही आणि फोटोत थोडा निर्जीव वाटतो, हे मान्य आहे. एका टोकाला पांढऱ्या दोऱ्याचा एक टाका घातला की त्यात जीव येतो. नाकाचे बटण, गळ्यातला घुंगरू, शिवलेला मणी आणि लांब रिबन यांनाही हाच न्याय लावा. डोळे भरायचे आणि गळ्यात घुंगरू बांधायचा, असे मी प्रदर्शनांत अनेकदा पाहिले आहे.

सुताकडे वळू. 'वुलन' हा शब्द काढून टाका, कारण तो बहुधा खरा नाही. आपल्याकडे लडी किंवा गोळा कशाचाही असला तरी दुकानदारही त्याला लोकर म्हणतो आणि आपणही म्हणतो. प्रत्यक्षात त्यातले बरेचसे सूत ॲक्रिलिक असते. बोलताना हे चालते. वर्णनात मात्र लोकर वाचून कुणी ते जास्त भावाला योग्य समजेल, कुणाला खऱ्या लोकरीने अंगाला खाज येत असेल म्हणून तो घेणारच नाही, आणि कुणी खऱ्या लोकरीसारखे जपून धुवत बसेल. गोळ्यावरच्या कागदी पट्टीवर जे लिहिले आहे तेच लिहा : १०० टक्के ॲक्रिलिक, १०० टक्के कॉटन, पॉलिएस्टर वेलवेट, जे असेल ते. 'मिल्क कॉटन' हे नाव तर फारच फसवे आहे. बहुतेक ठिकाणी ते कापूस आणि ॲक्रिलिकचे मिश्रण असते आणि प्रमाण बनवणाऱ्याप्रमाणे बदलते, म्हणून नुसते नाव न लिहिता पट्टीवरचे प्रमाण लिहावे.

पट्टी नसेल, सुटे सूत किलोवर आणले असेल, तर जाळून पाहावे लागते. बोटभर तुकडा चिमट्यात धरून स्टीलच्या ताटलीवर, जवळ पाणी ठेवून, काडीने पेटवा. कापूस कागदासारखा जळतो आणि मऊ राखाडी राख सोडतो. खऱ्या लोकरीला जळक्या केसांचा वास येतो आणि ज्योत काढली की ती आपोआप विझते. ॲक्रिलिक वितळत जळते, उग्र वास सोडते आणि मागे कडक काळी गोळी उरते. मिश्रण असेल तर राख आणि गोळी दोन्हींचे काहीतरी दिसते. तेवढ्यावरून टक्केवारी सांगता येत नाही, तेव्हा 'कॉटन-ॲक्रिलिक मिश्र सूत' असे लिहून थांबावे. 'प्रीमियम' म्हणजे काय हे कुणालाच माहीत नसते, त्यामुळे तोही शब्द गेला तरी काही बिघडत नाही.

मापाबद्दल फार लिहीत नाही. सशाचे कान हाच सगळा घोळ असतो. कानांसह आणि कानांविना अशी दोन मापे द्या आणि ससा उभा मोजला की बसलेला, ते सांगा. फोटोत नुसता पांढऱ्या पडद्यापुढे ठेवलेला ससा वीत एवढा आहे की हातभर, ते कळत नाही. एक फोटो हातात धरून काढावा. एकाच नमुन्याचा ससा चार पदरी सुतात वीतभर होतो आणि वेलवेटमध्ये दीडपट, म्हणून जुने माप नव्या सुताच्या वर्णनात चिकटवू नका.

भरण काय घातले ते लोक क्वचित विचारतात, पण धुण्याची सगळी गोष्ट त्याच्यावर ठरते. आपण ज्याला सरसकट रेक्रॉन म्हणतो ते पॉलिएस्टर फायबर मला सर्वांत सोयीचे वाटते. ते पाणी धरून ठेवत नाही आणि धुतल्यावर पिंजता येते. गादीचा कापूस 'नैसर्गिक' म्हणून विकायला छान असतो, पण तो ओला झाला की त्याचे गोळे होतात आणि पुण्याच्या जुलैत तो आतून वाळतच नाही. मी एकदा कापूस भरलेला हत्ती नात्यातल्या एका मुलीला दिला होता. त्यांनी श्रावणात धुतला आणि गणपतीत मला दाखवायला आणला, तेव्हा त्याच्या पोटावर बुरशीचे काळे ठिपके होते. सुताचे कापलेले तुकडे भरणेही टाळा, कारण फिक्या विणीतून रंगीत तुकडे दिसतात. थर्माकोलचे किंवा प्लास्टिकचे दाणे तर लहान मुलांच्या खेळण्यात नकोच. एक टाका उसवला की ते सगळे घरभर आणि मग तोंडात. फायबर दाबून दाबून भरल्यास टाके उघडे पडून पांढरे तंतू बाहेर येतात. तसे दिसले तर भरण काढण्यापेक्षा पुढच्या वेळी सुई अर्धा मिलिमीटर बारीक घ्या.

'वॉशेबल' हा शब्द लिहिण्याआधी तुम्ही स्वतः एक ससा धुतला पाहिजे, एवढेच मी म्हणेन. माझी पद्धत अशी आहे. आधी कोरड्या खेळण्याचे वजन करून ते लिहून ठेवते. कोमट पाण्यात कपड्यांचे सौम्य द्रावण थोडे घालून खेळणे दोन्ही हातांत दाबते आणि सोडते, चोळत नाही, पिळत नाही, भिजत ठेवत नाही. मग दोनदा स्वच्छ पाण्यातून काढून जाड टॉवेलात गुंडाळते आणि वरून दाबते. त्यानंतर सावलीत, वारा लागेल अशा जाळीवर आडवे ठेवते. कानाला चिमटा लावून टांगले की कान लांब होतात ते कायमचे. मशीनमध्ये धुवायचेच असेल तर उशीच्या अभ्र्यात बांधून नाजूक कपड्यांच्या चक्रात, आणि प्लास्टिकचे डोळे असतील तर त्यांवर ओरखडे येतील हे आधी सांगून. ड्रायर आणि इस्त्री ॲक्रिलिकला नकोत. गरम वाफ लागली की वीण लोंबते आणि पुन्हा मूळ जागी येत नाही.

सुकले की नाही हे हाताला कळत नाही, यात सगळे फसतात. बाहेरची वीण कोरडी लागते आणि पोटात ओल असते. मागच्या पावसाळ्यात मी एक ॲक्रिलिकचा, फायबर भरलेला ससा मुद्दाम तपासला. कोरडा असताना १०४ ग्रॅम, टॉवेलात दाबल्यावर १८७. दुसऱ्या दिवशी सकाळी १३१, तिसऱ्या दिवशी ११४, आणि पाचव्या दिवशी पंख्याखाली ठेवल्यावर तो पुन्हा १०४ वर आला. तिसऱ्या दिवशी तो हाताला पूर्ण कोरडा लागत होता. एप्रिलमध्ये असाच ससा दीड दिवसात मूळ वजनावर येतो. म्हणून मी वर्णनात वजन लिहिते आणि धुण्याच्या ओळीत 'वजन मूळ आकड्यावर आले की सुकले' असे जोडते. काही जणींना हे अति वाटते. पण वास मारणाऱ्या सशाची तक्रार माझ्याकडे तेव्हापासून आलेली नाही.

कायद्याचाही एक मुद्दा आहे. खेळणी (गुणवत्ता नियंत्रण) आदेश, २०२० हा १ जानेवारी २०२१ पासून लागू आहे आणि १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह असणे त्याने बंधनकारक केले. विकास आयुक्त, हस्तकला यांच्याकडे नोंदणी असलेल्या कारागिरांनी बनवून विकलेल्या वस्तूंना त्यातून सूट दिली गेली. तुमच्याकडे कारागिराचे पहचान कार्ड नसेल तर आधी त्याची चौकशी करा, आणि तुमचे काम त्या नोंदणीत बसते का हेही तिथेच विचारा. ही सूट चिन्हापुरती आहे. तिने डोळा पक्का होत नाही. 'ही केवळ शोभेची वस्तू आहे' असे लिहून सुटका होईल असे काही जणी समजतात, पण ज्या पानावर बाळाच्या हातात ससा दिलेला फोटो आहे तिथे त्या वाक्याला काय अर्थ उरतो? आणि 'किड सेफ' हा शब्द, ज्याच्या मागे प्रयोगशाळेचा अहवाल नाही, तो मी कधीच लिहीत नाही. त्याऐवजी काय केले ते लिहिते आणि वय लिहिते.

माझ्या त्या १०४ ग्रॅमच्या सशाचे वर्णन मी असे लिहिले होते. तुमच्या आकड्यांनी भरून वापरा :

'क्रोशाने विणलेला ससा. सूत : १०० टक्के ॲक्रिलिक, चार पदरी. बसलेली उंची कानांविना २१ सेंमी, कानांसह ३० सेंमी. हातकामामुळे १ सेंमी कमी-जास्त. वजन १०४ ग्रॅम. भरण : नवे पॉलिएस्टर फायबर. डोळे : १० मिलिमीटरचे प्लास्टिकचे, आतून वॉशर आणि फेल्टची चकती लावून बसवलेले. तीन वर्षांखालील मुलांसाठी नाही. त्यांच्यासाठी दोऱ्याने भरलेल्या डोळ्यांचा ससा ऑर्डरनुसार मिळेल. धुणे : कोमट पाण्यात हाताने, न पिळता; टॉवेलात दाबून सावलीत आडवा सुकवावा; ड्रायर आणि इस्त्री नको. पावसाळ्यात सुकायला चार-पाच दिवस लागतात, वजन १०४ ग्रॅमवर आले की सुकला. डोळा सैल वाटला किंवा टाका उसवला तर मुलाच्या हातातून काढून घ्यावा आणि मला कळवावे.'

हाच मजकूर एका छोट्या चिठ्ठीवर लिहून खेळण्यासोबतही द्या, कारण ससा भेट म्हणून पुढे जातो आणि ज्याच्या घरी तो पोचतो त्याने तुमचे पान पाहिलेले नसते. चिठ्ठी शिवून टाकू नका, तीही बाळ ओढते. आणि त्या ताईंचे बाळ आठ महिन्यांचे आहे, तर त्यांना भरलेल्या डोळ्यांचा ससा करून द्यायला तुम्हाला एक संध्याकाळ जास्त लागेल. त्याचे पैसे जरूर घ्या.